सीटीचा डोस: शरीराचे आठ महिने, मेंदूची वीस वर्षे

प्रश्न: माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. परवा बंक बेडच्या वरच्या पलंगावरून पडली, दोनदा उलटी झाली आणि फार पेंगत होती, म्हणून डोक्याचा सीटी केला. रिपोर्ट नॉर्मल आहे, आता ती नेहमीसारखी खेळतेय. पण माझे दीर म्हणतात एका सीटीत दोनशे एक्स-रेइतकं रेडिएशन असतं. मागच्या वर्षी छातीचे दोन एक्स-रेही झालेत. रिपोर्टसोबत आकड्यांचं एक पान मिळालंय, त्यातलं काही कळत नाही. आम्ही तिचं नुकसान केलं का? डॉक्टर म्हणाले, "गरज पडली तर पुन्हा करू." करू द्यायचा का?

उत्तर:

ते पान तुम्ही जपून ठेवलंत हे फार बरं झालं. बहुतेक पालक फिल्म आणि रिपोर्ट ठेवतात आणि हे पान हरवतात. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतले कामाचे तेवढे इथे लिहितो:

```
Series  Type     CTDIvol(mGy)  DLP(mGy-cm)  Phantom
1       Scout    -             -            -
2       Helical  24.60         398.52       Head 16
```

पहिली ओळ म्हणजे स्कॅन कुठून कुठपर्यंत घ्यायचा हे ठरवण्यासाठी आधी काढलेलं साधं चित्र. त्याचा डोस इतका किरकोळ असतो की बरीच यंत्रं तो छापतही नाहीत. खरा स्कॅन दुसऱ्या ओळीत आहे. `CTDIvol` म्हणजे यंत्राने त्या वेळी किती जोर लावला त्याचं माप. ते तुमच्या मुलीच्या डोक्यात मोजलेलं नसतं. १६ सेंटीमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा एक भरीव दंडगोल असतो, त्याच सेटिंगवर त्या दंडगोलात किती डोस पडला असता, ते यंत्र सांगतं. शेवटच्या रकान्यातला `Head 16` तो हाच. `DLP` म्हणजे तो जोर गुणिले स्कॅनची लांबी. ३९८.५२ ला २४.६० ने भागा, १६.२ येतात. म्हणजे कवटीच्या तळापासून टाळूपर्यंत सुमारे १६ सेंटीमीटर स्कॅन केला. साडेचार वर्षांच्या मुलीच्या डोक्याला एवढंच लागतं. हा आकडा २५ आला असता तर मी विचारलं असतं की मान का घेतली.

आता `DLP` वरून सगळ्या शरीराच्या हिशेबात डोस काढायचा. त्यासाठी वयानुसार गुणक ठरलेले आहेत. डोक्यासाठी पाच वर्षांच्या मुलाचा गुणक ०.००४० आहे, मोठ्या माणसाचा ०.००२१. लहान मुलाचा जवळजवळ दुप्पट असण्याचं कारण सरळ आहे: शरीर छोटं, त्यामुळे डोक्यावर पडलेले किरण थायरॉइड, फुप्फुस आणि बाकीच्या अवयवांच्या जवळ पडतात, शिवाय मुलांच्या कवटीच्या हाडात रक्त तयार करणारी मज्जा प्रौढांच्या मानाने जास्त असते. गुणाकार करा: ३९८.५ × ०.००४० = १.६ मिलिसिव्हर्ट. दशांशाला फार किंमत देऊ नका. हा हिशेब एका सरासरी मुलाच्या गणिती नमुन्यावर बेतलेला असतो, म्हणून मी मनात "दीड ते दोन" असंच धरतो.

आता तुमच्या दिरांच्या दोनशेकडे वळतो. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट धरला जातो, मुलांमध्ये बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्या मापाने हा सीटी म्हणजे ८० एक्स-रे. पण हाताच्या किंवा पायाच्या एक्स-रेचा डोस ०.००१ च्या आसपास असतो. त्या मापाने हाच सीटी १६०० एक्स-रेइतका होईल. आणि प्रौढांच्या कमरेच्या मणक्याच्या एक्स-रे तपासणीचा डोस सुमारे १.५ मिलिसिव्हर्ट असतो. त्या मापाने हा सीटी म्हणजे एकच एक्स-रे! एकच स्कॅन एका एक्स-रेइतकाही ठरतो आणि सोळाशेइतकाही. त्यामुळे "इतक्या एक्स-रेइतकं" हे वाक्य घाबरवायला सोयीचं असलं तरी डोस कळायला निरुपयोगी आहे. मी ते वापरत नाही.

त्यापेक्षा नैसर्गिक किरणोत्सर्ग हे माप बरं. तो जमिनीतल्या युरेनियम, थोरियमपासून, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून, आपल्याच शरीरातल्या पोटॅशियमपासून आणि सगळ्यात जास्त म्हणजे श्वासात येणाऱ्या रेडॉन वायूपासून येतो. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. त्यातला अर्धा वाटा एकट्या रेडॉनचा. दिवसाला सुमारे ०.००७ पडतो. या मापाने छातीचा एक एक्स-रे म्हणजे तीन दिवस. गेल्या वर्षीचे दोन्ही मिळून आठवडाभरही होत नाहीत. ते हिशेबातून खुशाल काढून टाका. डोक्याचा हा सीटी म्हणजे १.६ भागिले २.४, सुमारे आठ महिने.

हे "आठ महिने" बहुतेक ठिकाणी सांगून पालकांना घरी पाठवतात. मला इथे थांबणं पटत नाही, कारण या तुलनेत एक गोष्ट झाकली जाते आणि तुम्हाला ती माहीत असायला हवी.

मिलिसिव्हर्टचा हा आकडा सरासरीचा आहे. जिल्ह्यात एका गावात ढगफुटी झाली आणि बाकी कोरडं राहिलं, तरी जिल्ह्याचा सरासरी पाऊस एक सेंटीमीटर दाखवता येतो, तसंच हे. सीटीचे किरण डोक्यावर पडले, पोटावर आणि पायांवर जवळजवळ नाहीत. हिशेब करताना प्रत्येक अवयवाला धोक्यानुसार वजन देऊन सगळं शरीरभर पसरलं आणि मग १.६ आले. प्रत्यक्षात मेंदूला मिळालेला डोस त्या पानावरच्या `CTDIvol` च्या जवळपास असतो, म्हणजे सुमारे २५ मिलिग्रे; मिलिग्रे हे एखाद्या अवयवात प्रत्यक्ष पडलेल्या डोसचं माप. आणि नैसर्गिक किरणोत्सर्गातून मेंदूला वर्षाला किती मिळतो? रेडॉनचा जवळजवळ सगळा भार फुप्फुसांवर पडतो, म्हणून तो वजा करायचा. उरतो सुमारे १.२. म्हणजे मेंदूपुरतं बोलायचं तर त्या काही सेकंदांत वीस-बावीस वर्षांचा नैसर्गिक वाटा मिळाला.

शरीराचे आठ महिने आणि मेंदूची वीस वर्षे, दोन्ही खरं आहे. पहिला आकडा एकूण धोक्याचा अंदाज देतो, दुसरा सांगतो की धोका असलाच तर तो कुठे शोधायचा. आणि "नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक" असंही त्यातून निघत नाही. नैसर्गिक किरणोत्सर्ग ही आपली फूटपट्टी आहे, प्रमाणपत्र नव्हे. (केळ्यात किती किरणोत्सर्ग असतो याची तुलना तर सोडूनच द्या. शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं, त्यामुळे केळी खाऊन शरीरातला साठा वाढून राहत नाही.)

वीस वर्षे ऐकून धस्स झालं असेल, तर पुढचा भाग त्यासाठीच आहे. २५ मिलिग्रेला पेशी मरत नाहीत, केस गळत नाहीत, बुद्धीवर परिणाम झाल्याचं दिसत नाही. तात्पुरते केस गळायला सुमारे ३००० मिलिग्रे लागतात, डोळ्याच्या भिंगाला मोतीबिंदूसाठी जो उंबरठा धरतात तो ५०० चा. आपण त्यांच्या आसपासही नाही. उरतो तो एकच प्रश्न: पुढे कर्करोगाची शक्यता किती वाढली?

याचं उत्तर आता फक्त हिरोशिमाच्या आकड्यांवरून काढावं लागत नाही. युरोपातल्या नऊ देशांत लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या साडेसहा लाखांहून जास्त जणांचा मागोवा घेणारा एपी-सीटी नावाचा अभ्यास झाला. त्याचे मेंदूच्या कर्करोगाबद्दलचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. डोस वाढेल तसा धोका वाढतो हे त्यात दिसलं, म्हणजे "सीटीने काहीच होत नाही" असं म्हणायची सोय राहिली नाही. पण धोक्याचा आकार पाहा. एकदा डोक्याचा सीटी झालेल्या १०,००० मुलांमागे, स्कॅननंतरच्या पाच ते पंधरा वर्षांत, त्या स्कॅनमुळे झालेला मेंदूचा कर्करोग अंदाजे एका मुलात. बाकीच्या ९,९९९ जणांना त्या काळात स्कॅनमुळे तो होणार नाही. तुमच्या मुलीचा डोस त्या अभ्यासातल्या सर्वसाधारण डोक्याच्या सीटीपेक्षा कमी आहे. रक्ताच्या कर्करोगाबद्दलचा त्याच अभ्यासाचा आकडाही १०,००० मागे एक-दोन असाच आहे. डोस एका दमात मिळतो, हळूहळू मिळाला असता तर पेशींना दुरुस्तीला वेळ मिळाला असता, अशी शंका बरेच जण काढतात. शंका योग्य आहे, पण हे आकडे प्रत्यक्ष सीटी झालेल्या मुलांवरून आलेले असल्याने ती बाब त्यांत आधीच धरली गेली आहे.

आता हा दहा हजारांतला एक तराजूच्या एका पारड्यात ठेवा. दुसऱ्या पारड्यात परवाची रात्र.

डोक्याला मार लागलेल्या कोणत्या मुलाला सीटी लागतो यासाठी अमेरिकेत पीकार्न नावाच्या बालरुग्णालयांच्या गटाने ४२,००० हून अधिक मुलांवर अभ्यास करून २००९ मध्ये नियम बसवले. आज बऱ्याच ठिकाणी तातडीच्या विभागात तेच किंवा त्यासारखे नियम वापरतात. दोन वर्षांवरच्या मुलात शुद्ध बदललेली असेल, म्हणजे मूल पेंगतंय, चिडचिडं झालंय, तेच तेच विचारतंय, हाकेला उशिरा ओ देतंय, किंवा कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची खूण असेल, तर महत्त्वाची मेंदूची इजा सापडण्याची शक्यता ४.३ टक्के. दहा हजारांत ४३०. महत्त्वाची म्हणजे ज्यात शस्त्रक्रिया, श्वासाची नळी, निदान दोन रात्री रुग्णालयात मुक्काम किंवा मृत्यू यांपैकी काही घडतं अशी. तुमची मुलगी फार पेंगत होती. तपासताना डॉक्टरांनाही तसंच दिसलं असेल, तर एका बाजूला ४३० आणि दुसऱ्या बाजूला एक. हा सीटी न करणं मला धाडसाचं वाटलं असतं.

मूल टक्क जागं, नीट बोलणारं आहे, पण उलटी झाली किंवा दीड मीटरपेक्षा उंचावरून पडलं आहे, असं असेल तर शक्यता ०.९ टक्क्यावर येते. तिथे बहुतेकदा काही तास डोळ्यांसमोर ठेवून वाट पाहतात. आणि यातलं काहीच नसेल तर शक्यता ०.०५ टक्क्याहून कमी, दहा हजारांत पाचही नाहीत, आणि त्यांतही शस्त्रक्रिया लागणारं मूल विरळाच. तिथे "मनाची खात्री म्हणून करून टाकू" असा सीटी मी करू देत नाही, कारण पारडी जवळजवळ बरोबरीला येतात. पालकांना वाटतं डॉक्टर टाळाटाळ करतायत. खरं तर ते या दहा हजारांचाच हिशेब करत असतात.

पुन्हा सीटीबद्दल. पहिला स्कॅन नॉर्मल आहे आणि मुलगी खेळतेय, जेवतेय, नीट झोपतेय, तर "सगळं ठीक आहे ना हे बघायला" म्हणून दुसरा स्कॅन करण्याचं कारण नाही. तसं कोणी सुचवलं तर सरळ विचारा: यात काय सापडलं तर उपचार बदलतील? उत्तर गुळमुळीत आलं तर नको म्हणा. पण उलट्या पुन्हा सुरू झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, उठवायला कठीण जाऊ लागलं, झटका आला, एका बाजूची ताकद कमी वाटली, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव आला, तर ताबडतोब घेऊन जा, आणि तेव्हा डॉक्टर पुन्हा सीटी म्हणाले तर पहिल्या सीटीचं कारण सांगून नकार देऊ नका. ही चूक मी समंजस पालकांकडूनही होताना पाहिली आहे. आधी मिळालेला डोस परत घेता येत नाही, आणि नव्या स्कॅनमुळे पडणारी भर आधी शून्य स्कॅन झाले असोत वा तीन, साधारण तेवढीच असते. म्हणून दर वेळी प्रश्न एकच: या स्कॅनचा आजचा फायदा त्याच्या आजच्या धोक्याहून मोठा आहे का. शरीरात किरणांचा "कोटा" असतो आणि तो संपत येतो, ही कल्पना चुकीची आहे.

तातडी नसेल, उदाहरणार्थ डोकेदुखी आठवडे रेंगाळली, तर एमआरआयबद्दल विचारा. त्यात आयन करणारे किरण नसतात. पण तो वेळखाऊ असतो, या वयात बऱ्याचदा मुलाला गुंगी द्यावी लागते, आणि ताजी इजा पाहायला सीटीची काही सेकंदं जास्त उपयोगी पडतात. काही केंद्रांत मोजकीच चित्रं काढून काही मिनिटांत संपणारा जलद एमआरआय मिळतो. मिळत असेल तर उत्तम.

तुमच्या पानावर सगळं जागेवर आहे, पण पुढे कधी दुसरं पान हातात आलं तर काय बघायचं ते सांगतो. सगळ्यात आधी ओळी मोजा. डोक्याला मार लागल्यावर स्कॅनची एकच ओळ हवी. दोन ओळी दिसल्या तर दोन शक्यता: मूल हललं म्हणून पुन्हा घ्यावा लागला, किंवा आधी साधा आणि मग शिरेतून औषध देऊन असा दोनदा घेतला. दुसरी गोष्ट मारासाठी क्वचितच लागते आणि डोस थेट दुप्पट होतो. मग `CTDIvol` बघा. युरोपात एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या डोक्यासाठी ठरवलेली संदर्भ पातळी ४० मिलिग्रे आणि `DLP` साठी ५०५ आहे. नेहमीच यावर जाणाऱ्या केंद्राने आपल्या सेटिंगकडे बघावं अशी अपेक्षा असते. तुमच्याकडे २४.६ आणि ३९८ आहेत, दोन्ही खाली. याच वयाच्या मुलीच्या पानावर ६० दिसलं असतं, तर मोठ्यांची सेटिंग मुलावर चालवली असा माझा पहिला संशय असता. मुलांच्या स्कॅनमध्ये होणारी ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक आहे. २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या इमेज जेंटली मोहिमेचा रोख मुख्यतः तिच्यावरच होता. मात्र आकडा जितका कमी तितकं चांगलं, असंही समजू नका. डोस फार उतरवला की चित्रात दाणे येतात, मेंदूचा करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसेनासा होतो, कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला रक्ताचा पातळ थर त्यात हरवतो. असा स्कॅन वाचणाऱ्याला "खात्री देता येत नाही, पुन्हा करा" म्हणावं लागतं, आणि वाचवलेला डोस दुप्पट होऊन परत येतो.

पोट किंवा छातीच्या सीटीचं पान असेल तर शेवटचा रकाना जरूर वाचा. तिथे काही यंत्रं मुलांसाठीही ३२ सेंटीमीटरचा दंडगोल धरतात. त्यात `CTDIvol` चा आकडा १६ च्या मानाने साधारण निम्मा छापला जातो. किरण तेवढेच असतात, कागदावर मात्र डोस कमी दिसतो. दोन केंद्रांची पानं शेजारी ठेवून "तिथे निम्म्या डोसात होतं" असं म्हणणाऱ्यांची फसगत बहुतेक इथेच होते.

काही पालक हळूच एक गोष्ट विचारतात, तुम्ही विचारली नसली तरी सांगून ठेवतो. यंत्र बंद झालं की किरण संपले. मुलीच्या अंगात काही उरत नाही, तिला भावंडांजवळ झोपवायला हरकत नाही, घरात कोणी गरोदर असेल तरी काही फरक पडत नाही. "रेडिएशन बाहेर काढायला" म्हणून कोणी खास पाणी किंवा गोळ्या सुचवल्या तर पैसे घालवू नका. काढायला काही नसतंच.

घरी एका वहीत स्कॅनची तारीख, अवयव, `CTDIvol` आणि `DLP` लिहून ठेवा आणि चित्रांची सीडी किंवा लिंक जपा. याचा उपयोग डोसची बेरीज करून काळजी करत बसण्यासाठी नाही. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर जुनी चित्रं मागतील आणि ती हाताशी असली की नुसतं तुलनेसाठी पुन्हा स्कॅन करावा लागणार नाही. आणि उद्या तिला खोकला-ताप आला, डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला, तर या सीटीची आठवण काढून अडू नका. ते तीन दिवसांचं माप आहे.